डीइंटरलेसिंग

डीइंटरलेसिंग ही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांच्या पद्धतीने चित्रित झालेल्या चलचित्राचे पूर्ण रेषांच्या सलग फ्रेममध्ये रूपांतर करण्याची प्रक्रिया होय. व्हीएचएस, हाय-८, मिनी-डीव्ही अशा जुन्या फितींवरील चित्रण संगणकावर पाहिले असता हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक आडव्या रेषा दिसतात. या दोषाला कंगवा-दोष किंवा कोम्बिंग म्हणतात. तो फितीच्या झिजेमुळे किंवा कॅमेऱ्याच्या बिघाडामुळे निर्माण होत नाही. इंटरलेस्ड चित्रणाच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रे एकत्र साठवलेली असतात आणि आधुनिक पडदा ती एकाच वेळी दाखवतो, हे त्याचे कारण आहे. त्यामुळे डीइंटरलेसिंगमध्ये रेषा पुसून टाकणे अभिप्रेत नसून एकत्र गुंफलेले दोन क्षण पुन्हा वेगळे करणे अभिप्रेत असते.

## पार्श्वभूमी

जुन्या दूरचित्रवाणी संचातील चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर वरून खाली एकेक रेषा काढत चित्र उमटवीत असे. सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखवली तर हालचाल पुरेशी सलग वाटते, परंतु पडद्याची उघडझाप डोळ्यांना जाणवते. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे दाखवल्यास उघडझाप कमी होते, मात्र प्रक्षेपणासाठी दुप्पट बँडविड्थ लागते. या अडचणीवर १९३०च्या दशकात इंटरलेसिंगचा उपाय रूढ झाला. चित्राच्या रेषांचे दोन गट करून आधी १, ३, ५ अशा विषम रेषा आणि नंतर २, ४, ६ अशा सम रेषा दाखवल्या जाऊ लागल्या. रेषांच्या अशा प्रत्येक गटाला फील्ड म्हणतात. विषम रेषांच्या गटाला वरचे फील्ड आणि सम रेषांच्या गटाला खालचे फील्ड असे संबोधले जाते.

भारतात वापरल्या गेलेल्या पाल प्रणालीत एकूण ६२५ रेषा असून त्यांपैकी ५७६ रेषांमध्ये दृश्य चित्र असते. प्रत्येक फील्डमध्ये २८८ रेषा असतात आणि सेकंदाला ५० फील्ड दाखवली जातात. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाचे प्रक्षेपणही ६२५ रेषा व ५० फील्डच्या मानकानुसार होते. पुढे घरगुती कॅमेऱ्यांनीही हेच मानक पाळले. अमेरिकेत वापरल्या गेलेल्या एनटीएससी प्रणालीत दृश्य रेषा सुमारे ४८० आणि फील्ड सेकंदाला ५९.९४ असतात. त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फितींचे आकडे भारतातील फितींपेक्षा वेगळे असतात, मात्र रूपांतराचे तत्त्व तेच राहते.

## कंगवा-दोषाचे कारण

इंटरलेस्ड कॅमेरा एक पूर्ण चित्र टिपून त्याचे दोन भाग करीत नाही. तो आधी एक फील्ड टिपतो आणि १/५० सेकंदाने, म्हणजे २० मिलिसेकंदांनी, दुसरे टिपतो. मधल्या काळात समोरची वस्तू हललेली असते. संगणकीय फाइलमध्ये मात्र ही दोन्ही फील्ड एकाआड एक रेषांनी गुंफून एक फ्रेम म्हणून साठवली जातात. चित्रनलिका ती वेगवेगळ्या वेळी दाखवीत असल्यामुळे जुन्या संचावर दोष दिसत नसे. एलसीडी किंवा ओएलईडी पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, म्हणून गुंफण उघडी पडते.

दातांची लांबी हालचालीच्या वेगावर अवलंबून असते. समजा, ७२० बिंदू रुंदीच्या चित्रात एखादी व्यक्ती डावीकडून उजवीकडे दोन सेकंदांत चालत गेली. तिचा वेग सेकंदाला ३६० बिंदू होतो आणि २० मिलिसेकंदांत ती सुमारे ७ बिंदू पुढे सरकते. त्यामुळे तिच्या उभ्या कडांवर सुमारे ७ बिंदू लांबीचे दात दिसतात. तिच्या मागची स्थिर भिंत मात्र स्वच्छ राहते. दोष फक्त हालचालीच्या जागी, नेमका एक रेषा सोडून एक आणि वेगानुसार कमी-अधिक असणे, ही इंटरलेसिंगची ओळख होय. फितीच्या खराबीमुळे येणारे पांढरे ओरखडे किंवा तुटक रेषा हालचालीशी निगडित नसतात, त्यामुळे त्यांपासून हा दोष वेगळा ओळखता येतो.

## पद्धती

डीइंटरलेसिंगमध्ये प्रत्येक फील्डच्या गाळलेल्या रेषा कशाने भरायच्या, हा मुख्य प्रश्न असतो. सर्वांत साध्या पद्धतीत एक फील्ड टाकून दिले जाते आणि उरलेले उभ्या दिशेने ताणले जाते. दात जातात, पण स्थिर भागाचाही निम्मा तपशील जातो आणि सेकंदातील ५० क्षणांपैकी २५ नाहीसे होतात. दुसऱ्या पद्धतीत दोन फील्डची सरासरी काढली जाते. तिच्यात दातांऐवजी प्रत्येक हलणाऱ्या वस्तूची धूसर दुहेरी प्रतिमा दिसते. थांबवलेल्या चित्रात चेंडू मारणाऱ्या हाताच्या जागी दोन अर्धपारदर्शक हात दिसले, तर ते चित्र सरासरीने तयार झाले असल्याचे समजते.

तिसऱ्या पद्धतीला बॉब म्हणतात. तिच्यात प्रत्येक फील्डपासून स्वतंत्र पूर्ण फ्रेम तयार केली जाते, त्यामुळे पाल चित्रणातून सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि मूळ हालचाल पूर्णपणे टिकते. गाळलेल्या रेषा त्याच फील्डमधील वरच्या व खालच्या रेषांवरून अंदाजाने भरल्या जातात. मात्र दोन फील्डमध्ये अर्ध्या रेषेचे अंतर असल्यामुळे स्थिर चित्रातील बारीक आडव्या रेषा वर-खाली थरथरतात.

सध्या प्रचलित असलेल्या पद्धती चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी वेगळा निर्णय घेतात. यादिफ आणि त्यावर आधारलेला बीडब्ल्यूडीफ हे फिल्टर या प्रकारचे आहेत. खालच्या फील्डची गाळलेली रेषा त्याच्या आधीच्या व नंतरच्या वरच्या फील्डमध्ये प्रत्यक्ष उपलब्ध असते. त्या दोन्हींमध्ये बिंदू जवळजवळ सारखाच असेल, तर ती जागा स्थिर आहे असे मानून खरा बिंदू तेथून घेतला जातो. तो बदललेला असेल, तर तेथे हालचाल झाली आहे असे मानून शेजारच्या रेषांवरून अंदाज केला जातो. परिणामी मागची भिंत पूर्ण ५७६ रेषांच्या तपशिलासह राहते आणि चालणाऱ्या व्यक्तीच्या कडा दातांविना दिसतात. क्यूटीजीएमसी ही त्याहून संथ पद्धत हालचालीची दिशा मोजून अनेक शेजारच्या फील्डमधून तपशील घेते व थरथर आणखी कमी करते.

## फील्डचा क्रम

रूपांतर करणाऱ्या प्रणालीला कोणते फील्ड आधी टिपलेले आहे हे ठाऊक असावे लागते. डीव्ही फितींवर खालचे फील्ड आधी असते. पाल डीव्हीडींमध्ये बहुधा वरचे फील्ड आधी असते. व्हीएचएस फितीचे संगणकावर ग्रहण केले असल्यास क्रम ग्रहण करणाऱ्या उपकरणावर अवलंबून असतो. फाइलमधील नोंद चुकीचीही असू शकते, विशेषतः ती एकदा संपादित होऊन पुन्हा साठवली गेली असेल तर.

क्रम चुकल्यास होणारा परिणाम स्पष्ट असतो. टिपलेले क्षण ०, २०, ४० आणि ६० मिलिसेकंद असे असतील, तर चुकीच्या क्रमाने ते २०, ०, ६०, ४० असे दाखवले जातात. चालणारी व्यक्ती तीन पावले पुढे आणि एक पाऊल मागे जाताना दिसते. चलचित्र पाहताना ही गती झटक्यांसारखी जाणवते आणि ती पुष्कळदा संगणकाच्या संथपणाची चूक समजली जाते. तयार फाइल एकेक फ्रेमने पुढे नेल्यास शंका उरत नाही. क्रम बरोबर असेल तर सरळ रेषेत जाणारी वस्तू प्रत्येक फ्रेमला पुढेच सरकते.

## उदाहरण : मिनी-डीव्ही फितीचे रूपांतर

एका तासाची पाल मिनी-डीव्ही फीत फायरवायर जोडणीने संगणकावर घेतल्यास फितीवरील अंकीय माहिती जशीच्या तशी उतरते आणि सुमारे १३ जीबीची फाइल तयार होते. चित्राचा आकार ७२० × ५७६ बिंदू असतो. समजा, तिच्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतील लेझीम पथकाचे चित्रण आहे आणि लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांवर दात दिसत आहेत. एफएफएमपेग या मुक्त प्रणालीने पहिल्या १५०० फ्रेम, म्हणजे एक मिनिट चित्रण, पुढीलप्रमाणे तपासता येते.

```
ffmpeg -i phit.dv -frames:v 1500 -vf idet -an -f null -
```

शेवटी मिळणाऱ्या ओळींमध्ये असा हिशेब दिसू शकतो.

```
Multi frame detection: TFF: 0 BFF: 1412 Progressive: 61 Undetermined: 27
```

येथे `BFF` म्हणजे खालचे फील्ड आधी असलेल्या, `TFF` म्हणजे वरचे फील्ड आधी असलेल्या आणि `Progressive` म्हणजे गुंफण नसलेल्या फ्रेमची संख्या होय. ६१ फ्रेम प्रोग्रेसिव्ह मोजल्या गेल्या म्हणून चित्रण मिश्र ठरत नाही. ज्या क्षणी समोर काहीच हलत नाही, त्या क्षणी दोन फील्डमध्ये फरक नसतो आणि तपासणीला त्या फ्रेम सलग वाटतात. म्हणून तपासणीसाठी भरपूर हालचाल असलेला भाग निवडला जातो. स्थिर पाटीचे किंवा रिकाम्या मंचाचे चित्रण तपासल्यास निष्कर्ष फसवा ठरतो.

क्रम निश्चित झाल्यावर रूपांतराची आज्ञा पुढीलप्रमाणे दिली जाते.

```
ffmpeg -i phit.dv \
 -vf "bwdif=mode=send_field:parity=bff:deint=all,scale=768:576,setsar=1" \
 -c:v libx264 -crf 18 -preset slow \
 -c:a aac -b:a 192k phit_50p.mp4
```

`send_field` मुळे प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते. `parity=bff` हा भाग खालचे फील्ड आधी असल्याचे सांगतो. `deint=all` मुळे फाइलमधील नोंद काहीही असली तरी प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया होते. पाल डीव्हीचे बिंदू चौरस नसतात, त्यामुळे ४:३ प्रमाणाचे चित्र चौरस बिंदूंत बसवण्यासाठी रुंदी ७२० वरून ७६८ केली जाते आणि उंची तशीच ठेवली जाते. एका तासाच्या मूळ चित्रणात ९०,००० फ्रेम असतात. रूपांतरित फाइलमध्ये १,८०,००० फ्रेम असायला हव्यात. ही संख्या निम्मीच भरली, तर कोठेतरी २५ फ्रेमचे बंधन राहून गेले आहे असे समजावे. फाइलची कालावधी मात्र दोन्ही वेळा एकच, म्हणजे एक तास राहते.

`send_field` ऐवजी `send_frame` वापरल्यास सेकंदाला २५ फ्रेमची फाइल मिळते. दात तिच्यातही दिसत नाहीत, परंतु प्रत्येक दुसरा क्षण गळतो. लेझीमसारख्या जलद हालचालीत हा फरक सहज जाणवतो आणि मूळ फितीची ओघवती गती चित्रपटासारखी काहीशी तुटक होते.

## प्रक्रियेतील स्थान

डीइंटरलेसिंग चित्राचा आकार बदलण्यापूर्वी करणे आवश्यक असते. वरील आज्ञेत `bwdif` हा भाग `scale` च्या आधी येतो, तो याच कारणाने. गुंफलेली फ्रेम उभ्या दिशेने लहान किंवा मोठी केली, तर नवी प्रत्येक रेषा शेजारच्या अनेक जुन्या रेषांच्या मिश्रणातून तयार होते आणि दोन फील्ड एकमेकांत विरघळतात. कंगव्याचे एक रेषा जाडीचे दात जाऊन त्यांच्या जागी जाड, धूसर पट्टे येतात. कोणती रेषा कोणत्या क्षणाची, हे आता सांगता येत नाही आणि त्यानंतर लावलेला कोणताही डीइंटरलेसिंग फिल्टर ती गुंफण सोडवू शकत नाही.

अशी चूक बहुधा ग्रहणाच्या वेळीच होते. पाल व्हीएचएस फीत ग्रहण करताना उपकरणाची मांडणी ६४० × ४८० ठेवली, तर ५७६ रेषा ४८० रेषांत दाबल्या जातात आणि तयार होणारी फाइल आरंभापासूनच बिघडलेली असते. फाइल मोठी करून पाहिल्यास हे ओळखता येते. दात नेमके एक रेषा जाडीचे असतील, तर फील्ड शाबूत आहेत. दातांची जाडी कमी-जास्त होत असेल किंवा चित्रात ठरावीक अंतराने दात फिके पडत असतील, तर आकार आधीच बदललेला आहे. अशा वेळी फीत उपलब्ध असल्यास पूर्ण ५७६ रेषांनी पुन्हा ग्रहण करणे हाच उपाय राहतो.

## डीइंटरलेसिंग अनावश्यक असलेले चित्रण

प्रत्येक जुने चित्रण इंटरलेस्ड नसते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी टिपलेले असतात. पाल प्रणालीत ते सामान्यतः २५ चित्रांच्या वेगाने दाखवले जात, म्हणून १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. अशा चित्रपटाच्या प्रत्येक फ्रेममधील दोन्ही फील्ड एकाच चित्रावरून घेतलेली असतात आणि ती गुंफली की मूळ चित्र पूर्णपणे परत मिळते. त्यावर डीइंटरलेसिंग केल्यास हालचालीच्या जागचा खरा तपशील टाकून तेथे अंदाज भरला जातो. बॉब पद्धतीने रूपांतरित केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक हालचाल दोन-दोन फ्रेमच्या जोड्यांनी पुढे सरकत असेल, तर मूळ चित्रण चित्रपटाचे आहे हे ओळखता येते. कधी प्रक्षेपणात फील्डची जोडी एका स्थानाने सरकलेली असते आणि चित्रपटातही दात दिसतात. तेव्हा फील्डच्या योग्य जोड्या लावणारा `fieldmatch` हा फिल्टर वापरला जातो. एनटीएससी प्रणालीत २४ चित्रे ५९.९४ फील्डमध्ये वाटण्यासाठी काही फील्ड पुन्हा वापरली जातात, तेथे जोड्या लावून अतिरिक्त फ्रेम काढाव्या लागतात.

व्हीसीडीचे चित्रणही याच गटात मोडते. पाल व्हीसीडीचा आकार ३५२ × २८८ असतो, म्हणजे तिच्यात एका फील्डइतक्याच रेषा असतात. लग्नसमारंभाची व्हीसीडी तयार होताना दोन फील्डचे एकत्रीकरण झाले असेल किंवा त्यांपैकी एक टाकून दिले गेले असेल. दोन्ही बाबतींत वेगळे करण्यासारखे काही उरलेले नसते. मूळ फीत सापडल्यास तिच्यातून दुप्पट रेषा आणि दुप्पट क्षण मिळू शकतात.

## मर्यादा

हलणाऱ्या भागात कोणत्याही क्षणी २८८ रेषाच प्रत्यक्ष टिपलेल्या असतात. उरलेल्या रेषा हा अंदाज असतो, त्यामुळे वेगाने हलणारी तिरकी कड किंचित पायऱ्यांसारखी दिसू शकते. पैठणीच्या काठाची बारीक आडवी जर, खिडकीच्या पट्ट्या किंवा पडद्याच्या तळाशी सरकणारी अक्षरे यांत थरथर उरते, कारण एका फील्डमध्ये असलेली बारीक रेषा दुसऱ्यात नसते आणि तो बदल हालचाल आहे की तपशील, हे फिल्टरला नेहमी ओळखता येत नाही. फितीवर खरखर जास्त असेल, तर स्थिर भागातील खरखरही हालचाल समजली जाते आणि तेथील तपशील कमी होतो.

डीइंटरलेसिंग उलट दिशेने करता येत नाही. फाइल नव्या संकेतनात साठवली गेली की अंदाजाने भरलेल्या रेषा आणि टिपलेल्या रेषा यांत भेद उरत नाही. या कारणाने अभिलेखासाठी मूळ इंटरलेस्ड फाइल तशीच जतन केली जाते आणि पाहण्यासाठी वेगळी डीइंटरलेस्ड प्रत तयार केली जाते. पुढे अधिक चांगली पद्धत उपलब्ध झाल्यास तीच मूळ फाइल पुन्हा वापरता येते, फीत तोवर चालण्याजोगी राहिली नसली तरीही.